एका वर्षाची मुदत मागताना

शाळेत मी वीस वर्षं अर्ज लिहायला शिकवते आहे. उर्दूच्या तासाला दरख्वास्त, मराठीच्या तासाला विनंतीपत्र. साचा मुलांना तोंडपाठ असतो. वर महोदय, मग ‘मी आपल्या शाळेची विद्यार्थिनी असून’, मग अडचण, आणि शेवटी ‘माझ्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. या साच्यावर पाचपैकी चार मार्क हमखास पडतात. २०२४ च्या जुलैमध्ये हाच साचा माझ्या घरात आला आणि तिथे तो कामाला आला नाही. त्याची ही हकीकत.

आमच्या भाईजानचं सोलापुरात मोटारसायकलच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. त्याची थोरली मुलगी, म्हणजे माझी भाची, बी. फार्म. झाली आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या एम.एस्सी.ला तिला प्रवेश मिळाला. एप्रिलमध्ये ऑफर लेटर आलं. मे महिन्यात जागा पक्की करायला दोन हजार पौंड भरले. जूनच्या सुरुवातीला मुंबईला जाऊन व्हिसासाठी लागणारी टीबीची तपासणीही करून आली. अभ्यासक्रम २३ सप्टेंबर २०२४ ला सुरू होणार होता.

२८ जूनला भाईजानला दुकानातच हार्ट अटॅक आला. ३ जुलैला बायपास झाली. तो वाचला, अल्लाहचे आभार. पण इंग्लंडसाठी बँकेत ठेवलेले पैसे त्या आठवड्यात दवाखान्यात गेले.

ज्यांच्या घरातून कुणी परदेशी शिकायला गेलेलं नाही त्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला पैसे ‘आहेत’ एवढं पुरत नाही. फीची उरलेली रक्कम आणि राहण्याचा नऊ महिन्यांपर्यंतचा ठरलेला खर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. एक दिवसही शिल्लक त्याखाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ऑगस्टमध्ये नातेवाइकांनी थोडे थोडे करून पैसे उभे केले असते तरी सप्टेंबर गाठणं अवघड होतं. शिवाय दुकान कोण बघणार? धाकटा भाऊ दहावीत. पोरगी स्वतःच म्हणाली, “फूफी, यंदा नाही होणार. पण जागा गेली तर पुन्हा मिळेल का?”

ऑफर लेटरमध्ये एक ओळ होती, ती आम्ही तोवर नीट वाचलीच नव्हती. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायचा असेल, म्हणजे डिफरल हवं असेल, तर प्रवेश कार्यालयाला ३१ जुलैपर्यंत लेखी कळवावं, आणि अशी मुदत एकदाच मिळेल. आज ९ जुलै होती.

तिने रात्री ईमेल लिहिला आणि मला दाखवला. इंग्रजी चांगली होती. साचा मात्र माझाच होता, मी शाळेत शिकवलेला. पहिला पूर्ण परिच्छेद आदर आणि नम्रता. दुसऱ्यात अब्बांचा आजार, आम्हा सगळ्यांची रडारड, देवावरचा भरवसा. तिसऱ्यात ती किती हुशार आहे आणि हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न कसं आहे. अगदी शेवटी एक वाक्य: कृपया माझा या वर्षीचा प्रवेश रद्द करून पुढच्या वर्षी द्यावा. अर्ज क्रमांक नाही, अभ्यासक्रमाचं नाव नाही, एकही तारीख नाही.

मला तो वाचून डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे मार्कांच्या हिशेबाने तो उत्तमच होता. मी घाईघाईत दोन चुका दुरुस्त केल्या आणि तिच्याकडे नेट नव्हतं म्हणून माझ्याच ईमेलवरून पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. अर्जदाराशिवाय दुसऱ्या कुणाशी आम्ही अर्जाबद्दल बोलू शकत नाही, अर्जदाराने नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहावं. आधी मला राग आला. पण शांत डोक्याने पाहिलं तर ते बरोबर होतं. उद्या कुणीही उठून दुसऱ्याच्या नावाने ‘प्रवेश रद्द करा’ लिहील, तर?

आणि तेव्हाच माझं लक्ष त्या ‘रद्द’ शब्दाकडे गेलं. आपण बोलताना सहज म्हणतो, यंदाचं रद्द करा, पुढच्या वर्षी द्या. प्रवेश कार्यालयात ही दोन वेगळी कामं आहेत. रद्द करणं म्हणजे अर्ज मागे घेणं. तो मागे घेतला की ऑफर संपली, पुढच्या वर्षी नव्याने अर्ज आणि नव्याने स्पर्धा. मुदत मागणं म्हणजे हीच ऑफर हातात ठेवून फक्त सुरुवातीची तारीख बदलणं. माझ्या ईमेलवरून गेलेला तो मजकूर त्यांनी विचारात घेतला नाही, हे आमचं नशीबच. तिच्या ईमेलवरून गेला असता आणि कुणी शब्दशः वाचला असता, तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करते.

मग आम्ही दोघी बसलो आणि एक वेगळाच खेळ खेळलो. मी तिला म्हणाले, समज तू त्या कार्यालयात टेबलावर बसली आहेस. सकाळपासून शंभर ईमेल आलेत. हा उघडलास. तुला काय कळायला हवं? ती म्हणाली, आधी ही मुलगी कोण ते. मग तिला काय पाहिजे. मग का. मग खरं बोलते आहे का. थोडं थांबून म्हणाली, “आणि पुढच्या वर्षी तरी नक्की येणार आहे का.”

हा शेवटचा प्रश्न माझ्या साच्यात कुठेच नव्हता. आपण अडचण सांगतो आणि थांबतो. पण जागा राखून ठेवणाऱ्याला यंदाच्या अडचणीइतकीच ती अडचण पुढच्या वर्षी का नसेल याचीही काळजी असते. वडील आजारी आहेत एवढंच लिहिलं, तर वाचणारा म्हणेल, पुढच्या वर्षीही आजारीच असले तर?

कारणाबद्दल घरात थोडी कुरबूर झाली. प्रवेशाची कामं करणाऱ्या एका एजंटाने सल्ला दिला होता की आजार-बिजार लिहू नका, ‘व्हिसाला उशीर’ असं लिहा, लगेच मिळतं. पण तिने व्हिसाचा अर्ज केलाच नव्हता. व्हिसासाठी विद्यापीठाकडून एक क्रमांक लागतो, त्याला कॅस म्हणतात, आणि तो तिला दिलाच गेला नव्हता. हे विद्यापीठालाच सगळ्यात आधी माहीत असणार. खोटं कारण त्यांच्याच नोंदीत उघडं पडलं असतं.

दुसरा विरोध भाईजानचा. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. म्हणाला, “मेरी बीमारी का कागज विलायत कू काय कू भेजना?” त्याला वाटत होतं की त्याच्यामुळे पोरीचं अडलं हे आता कागदावर जाणार. मी त्याला समजावलं की सगळी फाइल जाणार नाही, दवाखान्याचं एक पानाचं पत्र जाईल. त्यात ऑपरेशनची तारीख आणि किती महिने विश्रांती, एवढंच. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लिख. लेकिन ये भी लिख कि मैं दुकान पे वापस बैठनेवाला हूँ.” खरं तर पोरीच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं.

कागदपत्रं गोळा करताना एक अडचण आली, ती आमच्या समाजात घरोघरी असेल. दवाखान्याच्या पत्रावर भाईजानचं आडनाव `Sheikh` असं होतं. पोरीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांच्या नावात तेच `Shaikh`. आपल्याला ते एकच वाटतं. नाव न ऐकलेल्या माणसाला ती दोन माणसं वाटू शकतात, आणि या पत्राचा सगळा उपयोग तर हा रुग्ण हिचा बाप आहे हे कळण्यावर. कुणी म्हणालं, प्रतिज्ञापत्र करा. मी दवाखान्यातच गेले आणि पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग घालून पत्र पुन्हा मागितलं. १३ जुलैला शनिवारी दुपारी ते सही-शिक्क्यासह मिळालं. पत्र इंग्रजीतच होतं. मराठीत असतं तर त्याचं प्रमाणित भाषांतर सोबत लावावं लागलं असतं.

शेवटी तीनच कागद जोडले. ऑफर लेटर, दवाखान्याचं पत्र आणि पासपोर्टची दोन पानं, एक तिचं आणि एक वडिलांचं नाव असलेलं. पोरीला अँजिओग्राफीचा अहवाल, दवाखान्याची बिलं, बँकेचं पासबुक, आधार कार्ड सगळं लावायचं होतं. मी म्हणाले, प्रत्येक कागद एका वाक्याला पुरावा असला पाहिजे. ज्या कागदाला ईमेलमध्ये वाक्य नाही तो कागद काढ. फाइलींना नावंही अशी दिली की उघडण्याआधी कळावं: `1_Offer_Letter.pdf`, `2_Hospital_Letter.pdf`, `3_Passport.pdf`. आधी त्यांची नावं मोबाइलने दिलेले लांबलचक आकडे होते.

१५ जुलै, सोमवारी तिने तिच्या नोंदवलेल्या ईमेलवरून पाठवला. विषयाच्या ओळीत `Deferral request: September 2024 to September 2025`, पुढे अर्ज क्रमांक आणि पूर्ण नाव. नाव पासपोर्टवर आहे तसं. आतला मजकूर इंग्रजीत होता, त्याचा मराठी आशय असा:

> महोदय/महोदया,
>
> मला सप्टेंबर २०२४ च्या एम.एस्सी. सार्वजनिक आरोग्य या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला आहे. माझा प्रवेश सप्टेंबर २०२५ च्या तुकडीत ढकलावा अशी माझी विनंती आहे. मी प्रवेश मागे घेत नाही.
>
> माझ्या वडिलांना २८ जून २०२४ रोजी हृदयविकाराचा झटका आला व ३ जुलै रोजी बायपास शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली आहे. शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम उपचारावर खर्च झाली असून या काळात कुटुंबाचं दुकान मी सांभाळत आहे. त्यामुळे २३ सप्टेंबर २०२४ रोजी मला रुजू होता येणार नाही.
>
> वडील नोव्हेंबरपासून पुन्हा दुकानात बसतील. कुटुंबाची एक मुदत ठेव मार्च २०२५ मध्ये पूर्ण होत आहे. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये मी अभ्यासक्रम सुरू करू शकेन.
>
> मला अजून कॅस मिळालेला नाही आणि मी व्हिसाचा अर्ज केलेला नाही. माझी इंग्रजीची परीक्षा १० फेब्रुवारी २०२४ ची आहे.
>
> कृपया तीन गोष्टी कळवाव्यात: मे महिन्यात भरलेले दोन हजार पौंड पुढच्या वर्षी धरले जातील का, मला मिळालेली शिष्यवृत्ती कायम राहील का, आणि फी कोणत्या वर्षीची लागेल.
>
> सोबत तीन कागदपत्रं जोडली आहेत.

खाली नाव, अर्ज क्रमांक, जन्मतारीख. संपलं.

यातल्या दोन वाक्यांबद्दल थोडं सांगते, कारण ती आम्हाला शोधावी लागली. कॅसचं वाक्य का? कॅस दिलेला असेल तर मुदत देताना विद्यापीठाला तो मागे घ्यावा लागतो आणि पुढच्या वर्षी नवा द्यावा लागतो. व्हिसाच मिळालेला असेल तर विद्यापीठाला सरकारला कळवावं लागतं, तो व्हिसा रद्द होतो आणि पुढच्या वर्षी सगळी फी भरून नवा काढावा लागतो. म्हणून मुदत मागायची असेल तर या पायऱ्या चढण्याआधी मागावी, आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत ते सांगून टाकावं.

इंग्रजीच्या परीक्षेची तारीख का? आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो. तिचा १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत होता, म्हणजे सप्टेंबर २०२५ ला चालणार होता. हीच परीक्षा तिने २०२३ च्या उन्हाळ्यात दिली असती तर मुदत मिळूनही पुन्हा परीक्षा द्यावी लागली असती. टीबीच्या दाखल्याचं उलटं झालं. तो सहाच महिने चालतो, म्हणून जूनमध्ये काढलेला डिसेंबरात बाद होणार होता. तो ईमेलला जोडण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या वर्षी मुंबईची एक फेरी पुन्हा करायची, एवढं आम्ही वहीत लिहून ठेवलं.

पाठवल्यावर लगेच आपोआप येणारं उत्तर आलं, त्यात एक क्रमांक आणि ‘कामकाजाचे दहा दिवस’ असा शब्द. पोरगी दिवसातून चार वेळा ईमेल बघायची. तिला रोज एक स्मरणपत्र पाठवायचं होतं. मी अडवलं, कारण नवा ईमेल पाठवला की नवा क्रमांक पडतो आणि एकाच माणसाची दोन प्रकरणं दोन टेबलांवर जातात. दहावा दिवस २९ जुलैला भरला. शेवटची तारीख दोन दिवसांवर. त्या संध्याकाळी त्याच ईमेलला उत्तर म्हणून तिने दोन ओळी लिहिल्या: १५ जुलैच्या विनंतीबद्दल विचारत आहे, मुदत ३१ जुलैपर्यंत असल्याने माझी विनंती वेळेत नोंदली गेली आहे एवढं तरी कळवावं.

३० जुलैला उत्तर आलं. मुदत मंजूर. दोन हजार पौंड पुढच्या वर्षी धरले जातील. फी मात्र २०२५ ची लागेल, साडेसतरा हजार पौंडांऐवजी अठरा हजार दोनशे. आणि दोन हजार पौंडांची शिष्यवृत्ती पुढे जाणार नाही, ती फक्त २०२४ च्या तुकडीसाठी होती, हवी असल्यास पुन्हा अर्ज करावा.

घरात पेढे आणायचं चाललं होतं, तेवढ्यात पोरीने शेवटचं वाक्य वाचलं. नवीन ऑफर लेटर पोर्टलवर टाकलं आहे, ते चौदा दिवसांत स्वीकारावं, नाहीतर जागा राखली जाणार नाही. ईमेलवर ‘मंजूर’ वाचून आम्ही थांबलो असतो तर सगळं पाण्यात गेलं असतं. तिने ते त्याच रात्री स्वीकारलं. स्वीकारण्याआधी सुरुवातीची तारीख पाहिली, २२ सप्टेंबर २०२५, आणि ऑफर अजूनही विनाअट आहे ना तेही पाहिलं.

मग हिशेब झाला. फीतले सातशे आणि गेलेली शिष्यवृत्ती दोन हजार, असे सत्तावीसशे पौंड. तेव्हाच्या भावाने जवळपास २ लाख ९० हजार रुपये. वर एक गोष्ट पुढे कळली. २ जानेवारी २०२५ पासून ब्रिटन सरकारने खात्यात दाखवायची रक्कम वाढवली. लंडनबाहेर राहणाऱ्याला महिन्याला १,०२३ पौंडांऐवजी १,१३६. नऊ महिन्यांचे १,०१७ पौंड जास्त दाखवायचे. ते खर्च होत नाहीत, पण २८ दिवस खात्यात पडून राहायला हवेत. एक वर्ष फुकट मिळत नाही, हे मुदत मागणाऱ्याने आधीच धरून चालावं. आमच्या बाबतीत पर्याय एकच होता, नव्याने अर्ज करण्याचा. त्यात भरलेल्या दोन हजारांचं काय झालं असतं आणि जागा मिळाली असती की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून आम्ही ते अडीच-तीन लाख मान्य केले. शिष्यवृत्तीला तिने पुन्हा अर्ज केला, दुसऱ्या खेपेला मिळाली नाही.

पोरगी सप्टेंबर २०२५ मध्ये गेली. भाईजान मुंबईच्या विमानतळापर्यंत आला होता. तो आता दुकानात अर्धा दिवस बसतो. त्याने लिहायला सांगितलेलं वाक्य नोव्हेंबरात पुरतं खरं झालं नव्हतं, जानेवारी उजाडला होता, पण झालं.

आता अर्ज शिकवताना मी मुलांना आधी साचा देत नाही. तुम्ही हेडमास्तर आहात, तुमच्या हातात हा कागद आला, तुम्हाला काय कळायला हवं, ते पाच मुद्दे वहीत लिहा, असं सांगते. ‘अर्ज’ हा शब्द अरबीतून उर्दूत आणि मराठीत आला. मूळ अर्थ पुढे ठेवणं, मांडणं. इतकी वर्षं दोन्ही भाषा शिकवून मी त्याचा अर्थ मुलांना ‘विनवणी’ असाच सांगत आले होते.

परवा आठवीतल्या एका मुलीने सुट्टीचा अर्ज आणून दिला. कारण लिहिलं होतं, बहिणीचं लग्न. तारखा लिहिल्या होत्या, किती तास बुडतील तेही. खाली एक ओळ होती: बुडालेला अभ्यास मी सोमवारी वही दाखवून पूर्ण करेन. नम्र विनंती लिहायची ती विसरली होती. मी सही केली.